फिजिओबाईंच्या गाडीची चार वर्षं

फिजिओबाई त्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांचे अंगठे आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागून पाच महिने झाले होते. त्यांना ते माहीत होतं. मला नव्हतं. घरी नवऱ्यालाही नव्हतं. एवढं आधीच सांगून टाकतो, कारण लपवाछपवीचा मला मनस्वी तिटकारा आहे. अशील माझ्याशी करतो ती, आणि सांगणारा ऐकणाऱ्याशी करतो तीसुद्धा.

मी करसल्लागार आहे. छोट्या धंद्यांची, एकेकट्या व्यावसायिकांची विवरणपत्रं भरतो. माझ्यामागे लोक मला खडूस म्हणतात. समोर काका म्हणतात. बाई बारा वर्षांपासून माझ्याकडे येत. घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणं हा त्यांचा व्यवसाय. दवाखाना नाही, पाटी नाही, एक कॅनव्हासची पिशवी आणि एक गाडी. पक्षाघात झालेले, गुडघे बदललेले, मणके दुखावलेले असे पेशंट शहरभर विखुरलेले. दिवसाला सात-आठ घरं. एकदा माझा खांदा धरला होता, तेव्हा मीही त्यांचा पेशंट झालो. कुठं दुखतंय ते मला धड सांगता येत नव्हतं. बाईंनी दोन मिनिटं नुसती बोटं फिरवली आणि नेमक्या जागेवर अंगठा टेकवला. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारचा टंकलेखक उठून बघायला आला.

"ओरडा," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण हलू नका."

अशी बाई. कागदपत्रांतही तशीच. लॉगबुक म्हणजे गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद: तारीख, कुठून कुठे, पेशंटची आद्याक्षरं, मीटरचे आकडे. गाडीचा खर्च व्यवसायात दाखवायचा तर हे लागतं. माझे निम्मे अशील वर्ष संपताना एका बैठकीत, एकाच पेनाने वर्षभराचं लॉगबुक 'आठवून' लिहितात. बाई रोज लिहायच्या. मार्चमध्ये मी फक्त शेवटची बेरीज बघायचो आणि पुढे जायचो. त्यांच्या वहीची तपासणी करणं म्हणजे हातच्या कंकणाला आरसा.

तर त्या दिवशी जुनी गाडी अखेर बसली होती. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की इंजिनावर जेवढा खर्च होईल तेवढ्याला ही गाडी विकलीसुद्धा जाणार नाही. बाईंनी पिशवीतून दोन कागद काढले. एक बँकेचा, कर्जाचा. दुसरा लीज कंपनीचा. लीज म्हणजे गाडी कंपनीच्या नावावर, आपण चार वर्षं महिन्याचं भाडं भरायचं आणि शेवटी गाडी परत द्यायची.

"चार वर्षांत एकूण कुठे कमी जातात ते सांगा," त्या म्हणाल्या. "बाकी काही नको."

"मिस्टर काय म्हणतात?"

"ते म्हणतात, आपली ती आपली. भाड्याच्या गाडीला कोण पुसणार?"

"आणि तुम्ही?"

"मला दोन लाख हातात राहायला हवेत. लेकीचं कॉलेजचं पहिलं वर्ष सुरू झालंय. तिचीही चारच वर्षं आहेत."

वापरलेली गाडी घ्या, असं मी सुचवलं. पेशंट वाट बघत असताना पुन्हा रस्त्यात उभं राहणं नको, म्हणाल्या. ते पटलं. पण त्यांना गिअर आपोआप बदलणारी गाडीच हवी होती, जी साध्या गाडीपेक्षा नव्वद हजारांनी महाग. तिथे मी फणकारलो. बारा वर्षं हाताने गिअर टाकलेत, आता काय झालं? नाकापेक्षा मोती जड! मला वाटलं, वय झालं की माणूस सुखासीन होतो. मीही कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मग मी पेन्सिल घेतली. हे माझं आवडतं काम, खोटं कशाला बोलू. गाडी दहा लाखांची. कर्जाने घ्यायची तर दोन लाख आधी, आठ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, अठ्ठेचाळीस हप्ते, महिन्याला वीस हजार शंभर. हप्त्यांची बेरीज नऊ लाख पासष्ट हजारांच्या घरात. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांना वर्षाला साठ हजार, म्हणजे आणखी दोन लाख चाळीस. एकूण चौदा लाखांच्या वर. चार वर्षांनी गाडी साडेचार लाखांना जाईल असं धरलं, ते वजा केले. उरले साडेनऊ लाखांच्या आसपास. पेट्रोल दोन्हीकडे तेवढंच, म्हणून ते बाजूला. हप्त्यातली मुद्दल खर्चात दाखवता येत नाही, पण व्याज, देखभाल आणि गाडीचा घसारा दाखवता येतो. बाईंचा एक पंचमांश वापर घरगुती, उरलेल्या चार पंचमांशावर तीस टक्के कर वाचतो. तो वजा केला आणि अडकलेल्या दोन लाखांचं बुडालेलं व्याज मिळवलं. कर्जाचा आकडा आला सात लाख अडुसष्ट हजार.

लीजला आधी काही भरायचं नाही. महिन्याला साडेएकोणीस हजार, त्यातच विमा, देखभाल, टायर. या कंपन्या गाड्या घाऊक घेतात, विमा घाऊक काढतात, म्हणून त्यांना परवडतं. अठ्ठेचाळीस महिन्यांचे नऊ लाख छत्तीस हजार. भाडं सगळंच खर्चात धरता येतं, घरगुती वापर तेवढा सोडून. कर वजा जाता सात लाख अकरा हजार. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटरची मर्यादा, त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला आठ रुपये. बाईंची गेल्या वर्षीची बेरीज चोवीस हजार. अगदी मापात.

"सत्तावन्न हजारांनी लीज स्वस्त," मी पेन्सिल खाली ठेवली. "आणि दोन लाख हातात राहतात ते वेगळंच."

"नक्की?"

"बाई, माझा आकडा आहे."

आता माझी चूक. चार वर्षांसाठी मी चार रकाने आखले होते आणि चारही रकान्यांत बाईंचं गेल्या वर्षीचं उत्पन्न लिहिलं होतं. त्यांचं उत्पन्न दरवर्षी थोडं वाढायचं. मी वाढ धरली नाही आणि स्वतःला मोठा सावध समजलो. सरलेलं वर्ष पुरं झालेलं असतं, त्यावर सही-शिक्का असतो, म्हणून आमच्या धंद्यातला माणूस त्याच्यावर देवासारखा विश्वास ठेवतो. चालू वर्षाचे पाच महिने माझ्यासमोर पिशवीत होते. मी मागितले नाहीत.

तीन आठवड्यांनी आम्ही लीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. करार वाचायला मीच हवा, असा बाईंचा आग्रह. काचेची खोली, गुळगुळीत टेबल, आणि टेबलामागे एक टायवाला. भला माणूस होता, पण प्रत्येक वाक्याआधी "बेसिकली" म्हणायचा. मी करार उघडला. दहावं कलम असं होतं की मुदतीआधी गाडी परत केली तर उरलेल्या हप्त्यांपैकी निम्मे एकरकमी भरायचे. मी मान डोलावून पान उलटलं. बाई चार वर्षं कुठे जाणार होत्या?

"बेसिकली, किलोमीटरचा स्लॅब ठरवायला चालू वर्षाचं लॉगबुक लागेल," टायवाला म्हणाला.

बाईंनी पिशवीत हात घातला. वही काढायला त्यांना फार वेळ लागला. दोनदा हाताला लागलेली वही पुन्हा निसटली. मी मात्र घड्याळ बघत होतो. वही माझ्याच हातात आली आणि मी महिन्यांच्या बेरजा वाचत गेलो. दोन हजार एकशे. एक हजार आठशे. एक हजार तीनशे. नऊशे. आणि सरल्या महिन्याचे सहाशे चाळीस.

माझं डोकं फिरलं. परक्या माणसासमोर बोलू नये एवढी अक्कल मला आहे, पण ती ऐनवेळी कामाला येत नाही.

"हे काय बाई? बारा वर्षं नीट लिहिलंत आणि आता कंटाळा? निम्म्या फेऱ्या गाळल्यात! तपासणी लागली तर कोण निस्तरणार, मी?"

"काही गाळलं नाही काका," बाई म्हणाल्या. "एवढंच झालंय."

"एवढंच कसं? सहाशे चाळीस म्हणजे दिवसाला दोन पेशंट."

"हो. दोनच उरलेत."

टायवाल्याने पाण्याचा ग्लास उगाच सरकवला. मी करार मिटला आणि चार दिवसांत कळवतो म्हणालो. बाई उठल्या, त्यांनी वही पिशवीत ठेवली, खुर्ची नीट आत सरकवली. चेहऱ्यावर काही नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

खाली गाड्या उभ्या करायच्या जागेत माझ्या गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली नाही. बाईंनी समोरच्या भिंतीकडे बघत सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. आधी सकाळी उठल्यावर बोटांना मुंग्या यायच्या. मग दिवसभर. मग एका म्हाताऱ्या पेशंटची पाठ दाबताना त्यांना कळलंच नाही की आपण किती जोर लावतोय. म्हातारा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पाठीवर निळा डाग होता.

"त्या दिवसापासून हाताने करायचे सगळे पेशंट मी सोडले. दुसऱ्यांकडे पाठवले. नुसता व्यायाम करून घ्यायचा असलेले ठेवले. ते दोन-तीनच असतात."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"मनगटात काही नाही. नसाच खराब होतायत. ऑपरेशन नाही. काम कमी ठेवलं तर दीड वर्ष, दोन वर्षं. मग वरती चढेल." त्यांनी हात मांडीवर पालथे ठेवले होते. "काका, मला वाईट वाटायला पाहिजे ना? मी वाट बघतेय कधीची. काही वाटतच नाही."

मी स्टिअरिंगवर हात आपटला. सुचलं ते नेहमीचंच, म्हणजे रागावणं. "मग चार वर्षांचा हिशोब कशाला करून घेतलात माझ्याकडून? ताकाला जाऊन भांडं लपवायचं?"

"मला वाटलं तुम्ही चार लिहिलंत तर होतील चार," बाई म्हणाल्या.

हे मला लागलं. अजूनही लागतं. मी गाडी सुरू केली आणि सरळ माझ्या कार्यालयात आलो. वाटेत एक लाल सिग्नलही तोडला.

जुना कागद बाजूला ठेवून मी नवा घेतला. पुन्हा चार रकाने आखले. पहिल्यात बाईंनी सांगितला तो आकडा लिहिला, गेल्या वर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. दुसऱ्यात अर्ध्या वर्षाचा. तिसऱ्याशी पेन्सिल थांबली. तीस वर्षांत मी हजारो शून्यं लिहिली असतील, आमचा धंदाच शून्यांचा. पण जिवंत, समोर बसलेल्या, सेहेचाळीस वर्षांच्या माणसाच्या नावापुढे शून्य लिहायला माझा हात उठेना.

"लिहा ना," बाई म्हणाल्या.

"थांबा, खोडरबर शोधतोय."

"काका." त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. मुठीत धरली, लहान मुलं धरतात तशी. तिसऱ्या रकान्यात एक शून्य काढलं, चौथ्यात एक. दोन्ही चेपलेली. "आता सांगा कुठलं स्वस्त."

उत्पन्न नाही तिथे करही नाही, आणि कर नाही तिथे वाचणार काय? माझी सगळी सूट तिथेच कोसळली. मग कर पूर्ण बाजूला ठेवून मी दीड वर्षाचा हिशोब केला. लीज दीड वर्षाने मोडली तर तोवर भरलेले साडेतीन लाख, आणि उरलेल्या तीस हप्त्यांचे निम्मे, म्हणजे दोन लाख ब्याण्णव. हे निम्मेसुद्धा काम थांबल्यावर एकदम द्यायचे. एकूण सहा लाख त्रेचाळीस हजार आणि हातात गाडी नाही. कर्जात सुरुवातीचे दोन लाख, अठरा हप्ते, विमा-देखभाल मिळून साडेसहा लाख जातात. पण गाडी आपली असते. ती सात लाखांना विकली, बँकेचे उरलेले पाच लाख पस्तीस हजार आणि मुदतीआधी फेडल्याबद्दलचे दहा-अकरा हजार दिले, तर दीड लाख परत येतात. खर्च पाच लाखांच्या आत.

"कर्ज," मी म्हणालो. "जवळजवळ दीड लाखांनी."

"सत्तावन्न हजारांनी लीज स्वस्त होती ना?"

"चार वर्षांना होती."

बाईंनी मान हलवली. मग फीचं काय, असं विचारलं. मी म्हणालो, कॉलेजला फी दोन हप्त्यांत घ्यायला सांगा, बहुतेक घेतात. आणि आधी घरी सांगा. कर्जाच्या अर्जावर मिस्टरांची जामीन म्हणून सही लागणार आहे, जामिनाला माहीत असायला हवं कशावर सही करतोय ते. बाई हो म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी घरी सांगितलं. नवरा काय म्हणाला ते मला त्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं: तो म्हणाला, "म्हणजे मीच बरोबर होतो, आपली ती आपली." आणि मग तो रडला. बाई म्हणाल्या, मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होते आणि मनात उद्याच्या पेशंटची वेळ घोळत होती.

कर्ज झालं. गाडी आली, राखाडी रंगाची. बाईंनी लॉगबुक नव्या पानावर सुरू केलं. महिन्याला सहाशे किलोमीटर, मग चारशे, मग दोनशे. आता मी बेरीज दर महिन्याला मागवू लागलो. उशिराचं शहाणपण म्हणा, बैल गेल्यावर झोपा करणं म्हणा. कारण काहीच नव्हतं. दर महिन्याच्या पाच तारखेला फोन करून मी खेकसायचो, "बाई, आकडा?" आणि त्या आकडा सांगायच्या. अक्षर वाकडं होत गेलं तसं लेकीने लिहायला घेतलं.

एकोणिसाव्या महिन्यात गाडी विकली. सात लाख धरले होते, सहा लाख नव्वद हजार आले. बँकेचं देणं फेडून एक लाख चव्वेचाळीस हजार उरले. ते लेकीच्या तिसऱ्या वर्षाच्या फीला ठेवायचे ठरलं. बाई कागद घेऊन माझ्याकडे आल्या, रिक्षाने. पिशवी खांद्याला अडकवलेली होती, कागद लेकीने क्लिप लावून दिले होते.

मी कागद तपासले. दहा हजारांचा फरक सोडला तर सगळं माझ्या पेन्सिलीप्रमाणे झालं होतं. एरवी अशा वेळी मी अशिलाला चहा पाजतो आणि स्वतःची तारीफ करून घेतो. त्या दिवशी मला माझ्या आकड्याची शिसारी आली. माझा हिशोब एकदा तरी सपशेल चुकावा असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं होतं, आणि तो चुकला नाही.

"लीज घेतली असती तर आज तीन लाख मागितले असते त्यांनी," बाई म्हणाल्या.

"हो."

"बरं झालं."

आवाजात बरं झाल्याचं काही नव्हतं. वाईट झाल्याचंही नव्हतं. मी या वर्षाचं विवरणपत्र त्यांच्यापुढे केलं. दोन महिन्यांचं उत्पन्न, गाडीच्या विक्रीची नोंद, कर काही नाही. सही आता शाईच्या पॅडवर बोट टेकवून करायची होती. बाईंनी अंगठा पॅडवर टेकवला, नीट टेकला का ते वाकून डोळ्यांनी पाहिलं, आणि मग कागदावर दाबला. मी ओला रुमाल पुढे केला. त्या पुसत बसल्या.

"काका, पुढच्या वर्षी मग मी यायचं का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे आता काही येणारच नाही. काही येत नसेल तर भरावं लागतं का?"

नियमाने लागत नव्हतं. उत्पन्न नाही, गाडी नाही, व्यवसाय बंद. पुढच्या वर्षात ओढून न्यायचा तोटासुद्धा नव्हता. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

"यावं लागेल," मी म्हणालो. "शून्याचंही भरावं लागतं. कडक नियम आहे. जूनच्या पहिल्या सोमवारी या, अकराला. उशीर केलात तर बघा!"

तीस वर्षांत अशिलाला जाणूनबुजून दिलेला चुकीचा सल्ला तेवढाच.

बाईंनी ओला रुमाल टेबलावर ठेवला. मग "बरं" म्हणाल्या आणि तारीख लिहून द्यायला सांगितली. मी एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिली आणि त्यांच्या पिशवीत वरच ठेवली, पटकन दिसेल अशी.